न लिहिलेलं वाक्य

(स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसमोर एका अभ्यासिकेत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

फळ्यावर एक सूचना लिहिली आहे. सोसायटीच्या जिन्याखाली लावतात तशीच. ‘उद्या सकाळी 10 ते सायंकाळी 5 पाणीपुरवठा बंद राहील. रहिवाशांनी गरजेपुरतं पाणी आजच भरून ठेवावं.’ खाली चार वाक्यं दिली आहेत, आणि यातलं काय काय सूचना लिहिणाऱ्यानं गृहीत धरलं आहे ते तुम्हाला ओळखायचं आहे.

पहिलं वाक्य, रहिवाशांकडे पाणी साठवायची काही ना काही सोय आहे. दुसरं, सगळे रहिवासी पाणी भरून ठेवतील. तिसरं, उद्या जलवाहिनीची दुरुस्ती होणार आहे. चौथं, उद्या दुपारी 1 वाजता नळाला पाणी नसेल.

मघाशी मी हात वर करायला सांगितले, तेव्हा चौथ्या वाक्याला सगळ्यात जास्त हात वर आले आणि पहिल्याला सगळ्यात कमी. पहिल्याला हात वर न करणाऱ्या एकानं कारण सांगितलं, ‘सर, आमच्या चाळीत एकेका खोलीत एकच बादली आहे, साठवणार कशात?’ त्याचं म्हणणं खरं असेल. पण प्रश्न चाळीबद्दल नाही, सूचना लिहिणाऱ्याबद्दल आहे. गृहीतक चुकीचं असू शकतं, आणि चुकीचं असूनही ते गृहीतकच राहतं. सचिवानं ‘भरून ठेवावं’ असं लिहिलं, त्या क्षणी त्याच्या मनात भरायला भांडी आहेत हे आलंच. ती खरोखर आहेत की नाहीत हे आपल्याला कुणी विचारलेलं नाही. बातम्या वाचून वाचून आपलं सामान्यज्ञान इतकं वाढलेलं असतं की ते या प्रश्नात लुडबूड करतं, आणि अभ्यासू मुलांचे गुण इथेच जातात.

आता कसोटी. जे वाक्य तपासायचं, ते खोटं आहे असं समजा आणि मूळ विधानाकडे परत जा. विधान निरर्थक झालं, तर ते वाक्य गृहीतक. विधान पहिल्यासारखंच उभं राहिलं, तर नाही. कुणाकडेच पाणी साठवायची सोय नाही असं समजा. मग ‘भरून ठेवा’ हे सांगण्यात काही अर्थ उरतो का? उरत नाही. म्हणजे पहिलं वाक्य गृहीतक. दुरुस्तीचं वाक्य तपासा. उद्या दुरुस्ती नाही, टाकी धुवायची आहे किंवा वीज जाणार आहे. सूचना जशीच्या तशी राहते. म्हणजे तिसरं वाक्य गेलं. ते खरं असण्याचा संभव भरपूर आहे, पण सूचनेला त्याची गरज नाही.

दुसऱ्या वाक्यापाशी थोडं थांबायला हवं, कारण इथे आपली भाषाच आपल्याला फसवते. ‘सगळे रहिवासी पाणी भरून ठेवतील’ याचा नकार काय? तुमच्यातल्या बहुतेकांनी वहीत लिहिलं, ‘सगळे रहिवासी पाणी भरून ठेवणार नाहीत.’ हे वाक्य दोन प्रकारे वाचता येतं. ‘आज सगळी मुलं आली नाहीत’ असं आपण म्हणतो, तेव्हा काही आली आणि काही राहिली असा अर्थ होतो. पण तेच वाक्य ‘एकही मूल आलं नाही’ या अर्थानंही कानावर पडतं. परीक्षेच्या घाईत दुसरा अर्थ डोक्यात बसला, तर तुम्ही मनात म्हणता, ‘कुणीच पाणी भरणार नसेल तर सूचना लावायची कशाला? म्हणजे हे गृहीतक आहे.’ आणि उत्तर चुकतं. ‘सगळे’ याचा खरा नकार ‘कुणीच नाही’ हा नाही, ‘निदान एक जण तरी नाही’ हा आहे. तिसऱ्या मजल्यावरचा एक माणूस पाणी भरणार नाही, म्हणून सूचना निरर्थक होते का? होत नाही. म्हणून दुसरं वाक्य गृहीतक नाही. त्याऐवजी ‘काही रहिवासी तरी सूचनेप्रमाणे वागतील’ असं दिलं असतं, तर ते गृहीतक ठरलं असतं. त्याचा नकार ‘एकही जण वागणार नाही’ असा होतो आणि सूचना कोसळते.

हे टाळायला मी विद्यार्थ्यांना एक साधी सवय लावतो. नकार करताना क्रियापदाला हात लावू नका. वाक्य आहे तसं ठेवा आणि शेवटी ‘असं नाही’ एवढं जोडा. ‘सगळे रहिवासी पाणी भरून ठेवतील, असं नाही.’ आता दुसरा अर्थ निघतच नाही. ‘काही रहिवासी पाणी भरतील, असं नाही’ हे मात्र कानाला अडखळतं, तिथे सरळ ‘एकही भरणार नाही’ असं म्हणा. पेपर मराठी आणि इंग्रजी दोन्हीत छापलेला असेल आणि ‘सर्व... नाहीत’ अशी रचना दिसली, तर इंग्रजी ओळीवर एकदा नजर टाका. तिथे ‘नॉट ऑल’ आहे की ‘नन’ हे लगेच कळतं.

मग चौथं, सगळ्यात जास्त हात मिळालेलं. दुपारी 1 वाजता नळाला पाणी नसेल. कसोटी लावा. दुपारी 1 वाजता पाणी असेल असं समजलं, तर सूचना कोसळते. मग हे गृहीतक का नाही? कारण सूचना कोसळते ती वेगळ्या तऱ्हेनं. 10 ते 5 पाणी बंद असं सूचनेतच लिहिलंय, आणि दुपारचा 1 त्या वेळेत येतो. म्हणजे हे वाक्य सूचनेतून निघतं, ते अनुमान आहे. त्याला खोटं ठरवलं की तुम्ही सूचनेतल्या छापील शब्दालाच खोटं ठरवता. गृहीतकाचा नकार केला की छापील शब्द सगळे शाबूत राहतात, पण त्यांना बोलायचं कारण उरत नाही. पाणी बंद राहणार हे खरं, सल्ला दिलाय हेही खरं, फक्त सल्ला हवेत लटकतो. गृहीतक विधानाच्या आधी असतं आणि अनुमान विधानानंतर येतं. म्हणून नकाराच्या आधी एक प्रश्न विचारायचा: हे त्यानं सांगितलेल्यातच येतं का? येत असेल तर नकाराची कसोटी लावूच नका, ती खोटा होकार देईल.

उताऱ्यावरच्या प्रश्नांत हाच गोंधळ मोठा होतो. सीसॅटच्या पेपरात 80 प्रश्नांना दोन तास, म्हणजे एकाला दीड मिनिट, आणि उतारा वाचायचा वेळ त्यातच. तिथे सगळं वाचून मग विचार करण्यापेक्षा ‘म्हणून’ शोधा. लेखक पुराव्यावरून मतावर जिथे उडी मारतो, तिथेच गृहीतक लपलेलं असतं.

समजा, लेखक लिहितो: ‘तालुक्याच्या ग्रंथालयात पुस्तक घरी नेणाऱ्यांची संख्या गेल्या पाच वर्षांत निम्म्यावर आली आहे. म्हणून तालुक्यातल्या लोकांचं वाचन कमी झालं आहे.’ पुरावा आहे ग्रंथालयाच्या नोंदवहीचा. मत आहे सगळ्या तालुक्याच्या वाचनाचं. मधली फट कशानं भरते? ग्रंथालयात यायचं थांबलेले लोक दुसरीकडून, म्हणजे विकत घेऊन, मोबाइलवर, मित्राकडून आणून, तेवढंच वाचत नाहीत, या समजुतीनं. तिचा नकार करा: ते दुसरीकडून तेवढंच वाचतात. नोंदवही खरीच राहते, पण ‘म्हणून’ तुटतो. हे गृहीतक. पर्यायांत ‘मोबाइलमुळे वाचन कमी झालं’ असं हमखास असतं आणि ते पटतंही. पण लेखकानं कारणाबद्दल चकार शब्द काढलेला नाही, आणि कारण दुसरं निघालं तरी त्याचं मत टिकतं. ‘वाचन कमी होणं वाईट आहे’ हेही तसंच. त्याचा सूर तसा वाटेल, पण ‘कमी झालं’ म्हणायला ‘वाईट’ मानावं लागत नाही.

आपल्याकडच्या न्यायदर्शनात ही मधली फट नावानिशी ओळखली गेली आहे. डोंगरावर आग आहे, कारण तिथे धूर आहे. इतकं बोलून आपण थांबतो. ‘जिथे जिथे धूर, तिथे तिथे आग’ ही व्याप्ती मनात राहते. दुसऱ्याला पटवण्यासाठीच्या परार्थानुमानात नैयायिक पाच अवयव मांडायला लावतात, आणि त्यातल्या तिसऱ्यात, उदाहरणात, व्याप्ती उघड सांगावी लागते: जसं स्वयंपाकघर. अग्रलेख लिहिणारा हा तिसरा अवयव गाळतो. परीक्षक तोच चार पर्यायांत लपवून ठेवतो.

एक इशारा देतो, कारण हे मी अनेक वह्यांत लाल शाईनं लिहिलेलं पाहिलं आहे: ‘सर्व, प्रत्येक, फक्त असे शब्द दिसले की पर्याय खोडा.’ हा नियम बऱ्याचदा चालतो, म्हणूनच घातक आहे. पुढचं विधान बघा. ‘परीक्षेला बसलेल्या प्रत्येक उमेदवाराला निकाल त्याच्या मोबाइलवर कळवला जाईल.’ गृहीतक: प्रत्येक उमेदवाराचा मोबाइल क्रमांक कार्यालयाला मिळेल. यात ‘प्रत्येक’ आहे, म्हणून खोडायचं? नकार करा. एका उमेदवाराचा क्रमांक मिळणार नाही. लगेच आश्वासन मोडलं. विधानानं स्वतःच ‘प्रत्येक’ म्हटलं आहे, म्हणून गृहीतकालाही तेवढंच मोठं व्हावं लागतं. पाण्याच्या सूचनेनं तसं कुठलंच आश्वासन दिलं नव्हतं, म्हणून तिथे ‘सगळे’ जास्तीचं होतं. शब्द मोजू नका. विधानाचा आवाका किती आणि पर्यायाचा किती, ते शेजारी शेजारी ठेवून बघा.

मतभेदाच्या जागाही आहेत, त्या लपवत नाही. ‘सूचनेचा काही परिणाम होईल’ हे आवाहन करणाऱ्याचं गृहीतक आहे, असं बँकेच्या परीक्षांच्या प्रश्नसंचांत बहुतेक ठिकाणी मानतात. काटेकोर तर्काच्या माणसाला ते पटणार नाही. नियम म्हणून पाटी लावणारा परिणामाची आशा न धरताही लावू शकतो. परीक्षेत मी पहिलीच बाजू घेईन. राज्यसेवेची पहिली उत्तरतालिका आली आणि एखाद्या गृहीतकावर आक्षेप नोंदवायचा असेल, तर ‘मला असं वाटतं’ असं लिहू नका. पर्यायाचा नकार एका ओळीत लिहा आणि त्यानंतर विधानाचं काय होतं ते दुसऱ्या ओळीत लिहा.

मघाशी मागच्या बाकावरून एका मुलीनं विचारलं, ‘सर, आज नळाला पाणी येणार आहे, हे कुणीच कसं लिहिलं नाही?’ चारही पर्यायांत ते नव्हतं, म्हणून आपल्या कुणाच्याच डोक्यात आलं नाही. लावा कसोटी. आज पाणी येणार नाही. सूचनेतला एकही शब्द खोटा ठरत नाही, पण ‘आजच भरून ठेवावं’ म्हणजे काय भरायचं? तिनं दिलेल्या पर्यायांच्या बाहेरचं गृहीतक पकडलं. आता ही सूचना पुसतो आणि दुसरी लिहितो. या वेळी खाली पर्याय देणार नाही, ते तुम्हीच लिहा.