उन्हाळी प्रोजेक्टसाठी प्राध्यापकांना पत्र लिहिताना

(पुण्यात एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

पाषाणला आयसर आणि एनसीएल, विद्यापीठाच्या आवारात एनसीसीएस. पुण्यात राहून जीवशास्त्र शिकणाऱ्याला लॅब शोधायला लांब जावं लागत नाही. पण जीनोमिक्सच्या लॅबला उन्हाळी प्रोजेक्टसाठी येणारी बहुतेक पत्रं सारखीच असतात: ‘आपल्या नामांकित प्रयोगशाळेत सीक्वेन्सिंग आणि क्रिस्पर शिकण्याची माझी तीव्र इच्छा आहे.’ इच्छा खरी असते, मला त्याबद्दल शंका नाही. पण हे वाचून या मुलीला मे महिन्यात काय काम द्यायचं, ते प्राध्यापकांना कळत नाही.

आज मी एकच पत्र घेऊन बोलणार आहे. एका विद्यार्थिनीने क्षयरोगाच्या जंतूच्या जीनोमवर काम करणाऱ्या लॅबला ते लिहिलं होतं. तिच्या परवानगीने त्यातला आशय सांगतो.

पहिल्या मसुद्यात तिने लिहिलं होतं, ‘मला डीएनए आयसोलेशन आणि पीसीआर येतं.’ हे वाक्य वर्गातला प्रत्येक जण लिहू शकतो. मी तिला विचारलं, नेमकं काय केलंस? तेव्हा कळलं की तिने नदीकाठच्या मातीतून डीएनए काढला होता. द्रावण तपकिरी आलं. २६०/२८० चं गुणोत्तर १.८ च्या आसपास, म्हणजे प्रथिनांचा त्रास फारसा नाही. पण २६०/२३० चं एकाच्याही खाली. पीसीआरमध्ये पट्टा उमटेना. मातीतलं ह्युमिक आम्ल डीएनएबरोबर आलं होतं आणि ते पॉलिमरेजला अडवत होतं. तिने नमुना दहापट पातळ केला आणि पट्टा आला. पत्रात हे तीन ओळींत लिही, म्हटलं. या तीन ओळींवरून वाचणाऱ्याला समजतं की ही मुलगी आकडा बघते, कारण शोधते आणि पुढचा प्रयोग ठरवते.

दुसरी अडचण मोठी होती. ‘औषधाला दाद न देणाऱ्या क्षयरोगाच्या जंतूंचं मला सीक्वेन्सिंग करायचं आहे.’ आठ आठवड्यांत हे बसत नाही. हा जंतू फार सावकाश वाढतो. घन माध्यमावर वसाहती दिसायलाच काही आठवडे जातात. शिवाय जिवंत जंतू हाताळायला विशेष सुरक्षित लॅब आणि प्रशिक्षण लागतं. म्हणून प्रश्न लहान केला. जगभरच्या लॅबनी सीक्वेन्स केलेले हजारो नमुने सार्वजनिक संग्रहात आहेत. त्यातले असे वीस घ्यायचे, ज्यांची रिफॅम्पिसिनची चाचणी प्रत्यक्ष जंतू वाढवून झाली आहे आणि निकाल नोंदलेला आहे. हे औषध आरएनए पॉलिमरेजच्या ज्या भागाला चिकटतं, तो भाग आरपीओबी जनुकातून बनतो. या जनुकातल्या ८१ अक्षरांच्या एका छोट्या पट्ट्यातच बहुतेक प्रतिरोधक बदल सापडतात. तर जीनोममधला बदल आणि चाचणीचा निकाल कुठे जुळतो, कुठे जुळत नाही, एवढंच पाहायचं.

तिने पत्रात एक छोटा हिशेबही दिला. जीनोम सुमारे ४४ लाख अक्षरांचा. एका नमुन्यात दीडशे-दीडशे अक्षरांच्या रीड्सच्या दहा लाख जोड्या असल्या, तर एकूण ३० कोटी अक्षरं होतात, म्हणजे प्रत्येक जागा सरासरी ६८ वेळा वाचली गेली. एवढं पुरेसं आहे. मर्यादाही तिने स्वतःच लिहिली: पीई आणि पीपीई कुळातली जनुकं एकमेकांसारखी असल्याने छोटे रीड्स तिथे चुकीच्या जागी बसतात, त्यामुळे तो भाग मी वगळेन. मला पत्रातलं हे वाक्य सगळ्यात आवडलं. प्रतिरोधक नमुन्यात या पट्ट्यात काहीच सापडलं नाही तर काय, हेही तिने नोंदवलं होतं: आधी नमुना मिश्र आहे का पाहीन, मग जनुकाचा उरलेला भाग.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. परीक्षा कधी संपते, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत रोज येता येईल, विभागाचं परवानगीपत्र मिळेल का, लिनक्सवर काम केलंय का, ते स्पष्ट लिहा. केलं नसेल तर तसं लिहा. पत्र एका पानात संपवा आणि एकाच वेळी एकाच लॅबचं नाव घालून पाठवा. नाव बदलून दहा जणांना पाठवलेलं पत्र लगेच ओळखू येतं.

प्राध्यापकांचं दोन दिवसांत उत्तर आलं. त्यात एकच प्रश्न होता: सरासरी ६८ असली, पण नेमक्या त्या पट्ट्यात एखाद्या नमुन्याला दोन-तीनच रीड्स मिळाले, तर तक्त्यात काय भरशील? तिने लिहिलं, ‘बदल नाही’ असं भरणार नाही, ‘माहिती नाही’ असं भरेन आणि तो नमुना मोजणीतून बाजूला ठेवेन. कारण न वाचलेल्या जागेला निर्दोष धरलं, तर प्रतिरोधक जंतू औषधाला दाद देणारा म्हणून नोंदला जाईल.