मुंडावळ्यांच्या वरची दोन बोटं

पहाटेचे पाच. कार्यालयाच्या वरच्या खोलीत नवरीचा अंबाडा घट्ट बांधून झालाय. मोकळ्या केसांत जे कपाळ कुणाच्या लक्षातही आलं नसतं, ते आता पुरतं उघडं पडलंय. "ताई, फोटोत माझं नुसतं कपाळच दिसतं हो," ती म्हणते.

मेकअप करणाऱ्या ताई आधी बोटांनी मापतात. केसांपासून भुवईपर्यंत, भुवईपासून नाकाच्या बुडापर्यंत, तिथून हनुवटीपर्यंत. हिच्या चेहऱ्यात वरचा भाग बाकी दोघांपेक्षा बोटभर जास्त भरतो. म्हणजे कपाळ उंच आहे, रुंद नाही. म्हणून गडद रंग वरच्या कडेला लागेल. कपाळ रुंद असतं, तर तो कानशिलांवर लागला असता.

पण त्या गडद रंगाला, म्हणजे ब्राँझरला, अजून हात नाही. पहिलं काम केसांचं. केस मागे ओढले की मुळांमधली त्वचा चमकते आणि कॅमेरा तिलाही कपाळच समजतो. ताई तिरक्या कापाच्या ताठ ब्रशवर गडद तपकिरी, बिनचमकीची आयशॅडो घेतात आणि मुळांमध्ये टिपत जातात. ओढत नाहीत, कारण ओढलं की सरळ रेघ उमटते आणि केस रंगवल्यासारखे दिसतात. काळा रंगही नकोच. काळेभोर केस असले तरी मुळाशी ते विरळ असतात, तिथे काळी पावडर शाईसारखी दिसते.

आता ब्राँझर. हिच्या गव्हाळ रंगापेक्षा दोनच छटा गडद, आणि चमक अजिबात नसलेला. चमकीचा ब्राँझर फ्लॅश परतवतो. जो भाग मागे सारायचा, तोच पुढे येतो. ब्रश झटकून केसांच्या आतून सुरुवात, मग खाली दोन बोटं येईपर्यंत रंग विरून गेला पाहिजे. तो कुठे संपला हे दिसलं, तर चुकलंच. नारिंगी झाक आली तर छटा उष्ण आहे, राखाडी आली तर थंड.

एक फोटो फ्लॅश लावून, एक खिडकीपाशी. फ्लॅशमध्ये कपाळ आटोपशीर दिसतंय. खिडकीपाशी मात्र डाव्या बाजूला मळकट डाग. ताई नवा रंग चढवत नाहीत, कोरड्या स्पंजने कडा पुसट करतात. फोटोग्राफरलाही सांगून ठेवतात, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर ठेव. वरून काढलेल्या फोटोत कपाळ पुन्हा मोठं होणार, तिथे पावडर काही करू शकत नाही.

मग चंद्रकोर, आणि शेवटी मुंडावळ्या. मोत्यांची सर कपाळावरून आडवी जाते आणि उंची आपसूक दुभंगते. खरं तर निम्मं काम तिचंच. अडचण एवढीच, की सर घासते आणि घामात रंग तिला लागतो. म्हणून अंतरपाट धरायच्या आधी ताई पुन्हा येतात. सर अलगद उचलतात, टिश्यूने घाम टिपतात, पुसत नाहीत, आणि तोच तिरका ब्रश मुळांशी दोनदा टेकवतात.

खालून गुरुजींची हाक येते.