बॅटरी न वापरता म्हातारी का होते?

नमस्कार श्रोतेहो.

टेबलावर कायम अडॅप्टर लावून ठेवलेला लॅपटॉप घ्या. सकाळी प्लग लावला की रात्रीपर्यंत तो कुणी काढत नाही. कोपऱ्यातला आकडा कायम 100 टक्के. दोन वर्षांनी एक दिवस लॅपटॉप घेऊन प्रवासाला निघावं, तर बॅटरी अपेक्षेपेक्षा बरीच आधी मान टाकते. मालक वैतागून म्हणतो, "अहो, ही बॅटरी तर मी वापरलीच नाही!" त्याचं म्हणणं खरं आहे, आणि दुखणं तिथेच आहे.

एक गैरसमज आधी दूर करू. बॅटरी भरल्यावरही चार्जर तिच्यात वीज कोंबत राहतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. बॅटरी भरली की आतलं सर्किट चार्जिंग थांबवतं आणि लॅपटॉप थेट अडॅप्टरच्या विजेवर चालतो. म्हणजे बॅटरी नुसती बसून असते. पण कुठल्या अवस्थेत बसून असते, ते महत्त्वाचं.

नेहमीच्या लिथियम-आयन सेलचा विजेचा दाब पूर्ण भरल्यावर साधारण 4.2 व्होल्ट असतो, काही नव्या सेलमध्ये त्याहून थोडा जास्त. लॅपटॉपमध्ये असे 3 सेल एकापुढे एक जोडलेले असतील, तर 12.6 व्होल्ट. चार्ज करताना लिथियमचे आयन एका बाजूच्या धातूच्या ऑक्साइडमधून निघतात आणि दुसऱ्या बाजूच्या ग्रॅफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात. 100 टक्के म्हणजे ग्रॅफाइट जवळपास गच्च भरलेलं, आणि ऑक्साइड जितकं रिकामं करता येतं तितकं रिकामं. दोन्ही बाजू आपापल्या टोकाला.

या दोघांच्या मधे एक द्रव असतो, इलेक्ट्रोलाइट. लिथियमने भरलेलं ग्रॅफाइट त्याला सोसवत नाही. तो त्याच्या पृष्ठभागावर विघटित होतो. कारखान्यातल्या पहिल्याच चार्जिंगमध्ये हे घडतं आणि ग्रॅफाइटवर एक पातळ पापुद्रा तयार होतो. हा पापुद्रा हवाच असतो. तो इलेक्ट्रोलाइटला ग्रॅफाइटपासून दूर ठेवतो आणि लिथियमच्या आयनांना मात्र जाऊ देतो. तो नसता तर ही बॅटरी चाललीच नसती.

अडचण अशी, की तो पूर्ण अभेद्य नसतो. पाणी तापवायच्या भांड्यात क्षाराचा थर जाड होत जावा, तसा तोही हळूहळू जाड होतो. आणि तो जाड होतो तो बॅटरीतलंच लिथियम खाऊन. पापुद्र्यात अडकलेलं लिथियम पुन्हा इकडून तिकडे जाऊ शकत नाही. बॅटरीत येताना जेवढं लिथियम आलं तेवढंच. बाहेरून भर पडत नाही. त्यामुळे जे गेलं ते क्षमतेतून कायमचं गेलं. शिवाय थर जाड झाला की आयनांची वाट अवघड होते, म्हणजे आतला रोध वाढतो.

ग्रॅफाइट जितकं भरलेलं, तितकी ही प्रक्रिया वेगाने चालते. वरच्या टोकाला ऑक्साइडची बाजूही त्यात भर घालते. जास्त दाबाखाली तिथेही इलेक्ट्रोलाइट बिघडतो, ऑक्साइडमधले मँगनीज, निकेल, कोबाल्टसारखे धातू थोडे थोडे विरघळतात, पलीकडे पोहोचतात आणि त्या पापुद्र्यात शिरून त्याची वाढ आणखी भडकवतात. आणि या सगळ्याला वेग देते ती उष्णता. लॅपटॉप चालू असताना आतून गरम असतोच. पूर्ण भरलेली आणि गरम, ही जोडी सगळ्यात वाईट.

आता हे आपल्या लॅपटॉपमध्ये घडलंय का, ते कसं ओळखायचं? विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि powercfg /batteryreport असं टाइप करा. पॉवरसीएफजी, मग एक जागा सोडून तिरपी रेघ, आणि तिला चिकटून बॅटरीरिपोर्ट हा एकच शब्द. एक फाइल तयार होते. त्यात DESIGN CAPACITY म्हणजे मूळ क्षमता, FULL CHARGE CAPACITY म्हणजे आजची क्षमता आणि CYCLE COUNT म्हणजे आवर्तनं, बॅटरीच्या पूर्ण क्षमतेएवढी वीज आजवर किती वेळा वापरली गेली तो आकडा. काही लॅपटॉप आवर्तनांचा आकडा देत नाहीत, तिथे रिकामी रेघ दिसते.

समजा मूळ क्षमता 50 वॉट-तास, आजची 41, आणि आवर्तनं 45. म्हणजे 18 टक्के क्षमता गेली, पण 45 आवर्तनांनी एवढी झीज होत नाही. काहीशे आवर्तनांनी ती अपेक्षित असते. तेव्हा ही बॅटरी वापराने झिजलेली नाही, भरलेल्या अवस्थेत बसून झिजली आहे. हेच उलटं असतं, आवर्तनं 500 आणि क्षमता 41, तर तो वापराचा सरळ हिशेब म्हणता आला असता.

बॅटरी 100 च्या आधीच, ठरवलेल्या टक्क्यांवर भरणं थांबवणारी चार्ज मर्यादेची सेटिंग नेमकी या बसून होणाऱ्या झिजेवर काम करते. मर्यादा 80 टक्के ठेवली, की सेल साधारण 4 व्होल्टच्या आसपास थांबतो. ऐकायला फरक किरकोळ वाटेल, पण ऑक्साइडकडचा त्रास मुख्यतः वरच्या शेवटच्या टप्प्यातलाच असतो. ग्रॅफाइटची गंमत वेगळी आहे. तिथला झिजेचा वेग टक्क्यांबरोबर सरळ चढत नाही, तो पायऱ्यांनी चढतो, आणि एक मोठी पायरी 55 ते 60 टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणून काही लॅपटॉपमध्ये 60 टक्क्यांचाही पर्याय दिलेला असतो. लॅपटॉप टेबलावरून हलणारच नसेल, तर मी 80 पेक्षा तोच निवडेन.

ही सेटिंग बहुतेक वेळा कंपनीच्या स्वतःच्या ॲपमध्ये किंवा बायॉसमध्ये सापडते. एक बारकावा इथे बऱ्याच जणांना चकवतो. बॅटरी 100 वर असताना मर्यादा लावली आणि प्लग तसाच ठेवला, तर अनेक लॅपटॉप ती आपणहून खाली आणत नाहीत. आकडा दिवसभर 100 वरच राहतो आणि सेटिंग चालत नाही असं वाटतं. एकदा प्लग काढून बॅटरी मर्यादेखाली उतरू द्यायची, मग जोडायचा.

आता तुम्ही विचाराल, 18 टक्के वाचवायला रोज 20 टक्के सोडायचे, हा कुठला व्यवहार? प्रश्न रास्त आहे. ज्याचा फोन 80 टक्क्यांवर संध्याकाळपर्यंत पुरत नाही, त्याने ही मर्यादा लावू नये, असंच मी म्हणेन. त्याच्यासाठी रात्रीचं जुळवून घेणारं चार्जिंग बरं. त्यात फोन 80 पर्यंत भरून थांबतो आणि उरलेलं उठायच्या वेळेच्या सुमारास भरतो, म्हणजे 100 वर बसायचे तास तेवढे घटतात. टेबलावरच्या लॅपटॉपचं गणित मात्र वेगळं आहे. तिथे ते 20 टक्के एरवीही वापरले जात नव्हते. प्रवासाच्या आदल्या रात्री मर्यादा काढली, की सगळी शिल्लक क्षमता हाताशी येते.

अधूनमधून अशी पूर्ण चार्ज केलेली बरीच. महिनोन्‌महिने 80 वर राहिलेल्या बॅटरीचा टक्क्यांचा अंदाज चुकू लागतो आणि 25 टक्के दाखवत असतानाच लॅपटॉप बंद पडू शकतो. ही मोजणीतली चूक असते, झीज नव्हे. एकदा पूर्ण भरून, बरीचशी उतरवून परत भरली की आकडे बहुधा ताळ्यावर येतात.

आणि लॅपटॉपचं टचपॅड वर उचललं गेलं असेल किंवा झाकण नीट मिटत नसेल, तर मात्र सेटिंगमध्ये शोधाशोध करू नका. इलेक्ट्रोलाइट बिघडताना तयार झालेल्या वायूने सेल फुगले आहेत. प्लग काढा, लॅपटॉप बंद करा, बॅटरी दाबू किंवा टोचू नका, आणि ती जाणकाराकडून बदलून घ्या.