आले किती आणि राहिले किती: हजेरीचा पिव्होट टेबल

नमस्कार श्रोतेहो.

मोठी धाव संपली, मांडव उतरला, पाण्याच्या रिकाम्या बाटल्या गोळा झाल्या, की आयोजकांच्या खोलीत एका कोपऱ्यात खोके उरतात. न वाटलेल्या टी-शर्टांचे आणि पदकांचे. ते खोके बघून जो प्रश्न पडतो, तिथूनच आजचं बोलणं सुरू करतो. नावं नोंदवून न आलेली माणसं कोण होती? कुठल्या वयाची, कुठल्या गावची, आणि त्यांनी नाव नोंदवलं होतं कुठून?

समजा, नाशिकमध्ये अशी एक धाव झाली. आकडे मी समजावण्यापुरते धरले आहेत, ते कुठल्याही खऱ्या धावेचे नाहीत. आधी नाव नोंदवलेले 5000. त्यांतले धावले 3500. शिवाय त्या दिवशी सकाळी मैदानावर येऊन पावती फाडणारे 500. म्हणजे नोंदी 5500 आणि धावणारे 4000.

आता एक्सेलमध्ये पिव्होट टेबल करायचा. म्हणजे काय, तर साडेपाच हजार ओळींची यादी एका जागी तशीच ठेवायची आणि तिच्यावरून शहरवार, वयवार असा गोषवारा हवा तसा फिरवून बघायचा. शहराचा रकाना `Rows` मध्ये टाकला की शहरं एकाखाली एक येतात. नोंदणीचा मार्ग `Columns` मध्ये टाकला की मार्ग आडवे पसरतात. मधल्या घरांत काय मोजायचं ते `Values` मध्ये सांगायचं. हे दोन मिनिटांचं काम आहे. खरी मेहनत त्याच्या आधीची आहे, आणि खरी फसगत त्याच्या नंतरची.

आधीची मेहनत बघू. एका यादीत नोंदणी असते आणि दुसऱ्या यादीत धावेच्या सुरुवातीच्या पट्टीवरून गेलेल्या चिपचे क्रमांक. दोन्ही याद्या छातीवरच्या क्रमांकाने, म्हणजे बिब नंबरने जोडायच्या. नोंदणीच्या यादीत 'हजर' नावाचा एक रकाना करायचा. आला असेल तर 1, नसेल तर 0. सूत्र एवढंच:

```
=IF(COUNTIF(Scan!A:A,A2)>0,1,0)
```

यात `A2` म्हणजे बिब नंबर आणि `Scan` म्हणजे चिपच्या क्रमांकांचं पान. नुसता `COUNTIF` का नाही? कारण काही जण पट्टीवरून मागे येतात, फोटो काढतात आणि पुन्हा जातात. त्यांची हजेरी 2 लागते. मग एखाद्या लहान गटाची उपस्थिती एकशे तीन टक्के निघते आणि बैठकीत हशा पिकतो.

आणि तो शून्य लिहायलाच हवा, घर कोरं सोडायचं नाही. या रकान्याची सरासरी घेतली की थेट उपस्थितीचं प्रमाण मिळतं, त्यासाठी `Values` मध्ये `Average` निवडायचं. पण सरासरी काढताना एक्सेल कोरी घरं मोजतच नाही. हजर असलेल्यांनाच 1 दिला आणि बाकीचे कोरे राहिले, तर प्रत्येक शहराची उपस्थिती शंभर टक्के दिसते. सगळीकडे शंभर दिसले की आनंद मानू नका, रकाना तपासा.

मग शहर. फॉर्ममध्ये लोक शहराचं नाव स्वतः टाइप करतात, आणि मग एकाच शहराचे चार अवतार होतात. लहान-मोठ्या इंग्रजी अक्षरांचा फरक पिव्होट टेबल मनावर घेत नाही. पण नावाच्या शेवटी चुकून पडलेली रिकामी जागा त्याला दिसते, आणि तो त्याचं वेगळं शहर करतो. डोळ्यांना दोन्ही ओळी सारख्याच दिसतात. `TRIM` वापरलं की बहुतेक वेळा हे सुटतं. वेबपानावरून चिकटवलेल्या मजकुरात मात्र एक वेगळ्या जातीची रिकामी जागा येते, तिला `TRIM` हात लावत नाही. ती `SUBSTITUTE` ने `CHAR(160)` शोधून काढावी लागते.

आपल्याकडे आणखी एक भर आहे. कोणी औरंगाबाद लिहितो, कोणी छत्रपती संभाजीनगर. कोणी अहमदनगर, कोणी अहिल्यानगर, कोणी नुसतंच नगर. कोणी पिंपरी लिहितो, कोणी चिंचवड, तर कोणी सरळ पुणे. हे कुठलंही सूत्र आपोआप जुळवणार नाही. एका वेगळ्या पानावर दोन रकाने करायचे, डावीकडे लोकांनी लिहिलेलं नाव आणि उजवीकडे आपण ठरवलेलं, आणि `VLOOKUP` ने ते यादीत आणायचं. पिंपरी-चिंचवड पुण्यात धरायचं की वेगळं, हे एक्सेल ठरवत नाही. ते आपणच ठरवायचं, आणि एकदा ठरवलं की दर वर्षी तसंच ठेवायचं. नाहीतर पुण्याची उपस्थिती वाढली की पुण्याची हद्द वाढली, हे पुढच्या वर्षी कोणालाच सांगता येणार नाही.

वयाचं थोडक्यात सांगतो. वय धावेच्या दिवशीचं काढायचं, आजचं नाही. सूत्रात `TODAY()` टाकलं, तर तीन महिन्यांनी फाइल उघडल्यावर काही माणसं पुढच्या गटात सरकलेली असतात आणि जुना अहवाल जुळत नाही. पिव्होट टेबलमध्ये वयावर उजवी क्लिक करून `Group` केलं की दहा-दहा वर्षांचे गट पडतात. गट पाडायला एक्सेलने नकार दिला, तर वयाच्या रकान्यात कुठेतरी मजकूर शिरला आहे असं समजा. बहुधा ती उलटी वाचलेली जन्मतारीख असते. संगणक अमेरिकी पद्धतीवर असेल, तर 25 मे त्याला तारीख वाटतच नाही, कारण पंचविसावा महिना नसतो. ती मजकूर म्हणून घराच्या डाव्या कडेला चिकटून बसते, त्यामुळे निदान सापडते तरी. 5 जून मात्र गुपचूप 6 मे होतो आणि तो कोणाच्या लक्षातही येत नाही.

आणि हो, क्लबने किंवा सोसायटीने एकगठ्ठा पाठवलेल्या नावांची वयं एकदा नजरेखालून घाला. चाळीस माणसं, आणि चाळीसही जण बरोबर तीस वर्षांचे. भरणाऱ्याने कंटाळून खाली ओढत नेलेलं असतं.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. टेबल तयार झाला, खाली एकूण उपस्थिती दिसते, सुमारे 73 टक्के. समितीत समाधान पसरतं. पण त्यात ते 500 जण आहेत, ज्यांनी मैदानावरच नाव दिलं. ते आले होते म्हणून तर त्यांनी नाव नोंदवलं! त्यांची उपस्थिती शंभर टक्केच असणार, दुसरी असूच शकत नाही. त्यांना गाळणीने बाजूला केलं की आकडा 70 वर येतो. शिवाय हे लोक बहुतेक नाशिकचेच असतात, म्हणून ते मिसळले की नाशिकची उपस्थिती विनाकारण फुगते. त्यांना मोजा जरूर, पण वेगळ्या टेबलात. टी-शर्ट किती मागवायचे ते ठरवताना त्यांची संख्या लागते, प्रमाणाच्या हिशेबात त्यांचं काम नाही.

उरले दोन मार्ग. संकेतस्थळावरून नोंदवलेले 3000, त्यांतले आले 1950, म्हणजे 65 टक्के. धावण्याच्या क्लबांमार्फत आलेली नावं 2000, त्यांतले आले 1550, म्हणजे साडेसत्त्याहत्तर टक्के. समितीतला कोणीही म्हणेल, क्लबची माणसं शब्दाला पक्की, पुढच्या वर्षी जाहिरातीचा पैसा क्लबांकडे वळवा.

थांबा. आता शहराचा रकाना आत ओढा, फक्त दोन भाग करून: नाशिक आणि बाहेरगाव.

नाशिकच्या लोकांत संकेतस्थळावरून नोंदवलेले 1000, त्यांतले आले 850. म्हणजे 85 टक्के. क्लबमार्फत 1800, आले 1458. म्हणजे 81 टक्के. नाशिकमध्ये संकेतस्थळ पुढे.

बाहेरगावच्या लोकांत संकेतस्थळावरचे 2000, आले 1100. 55 टक्के. क्लबचे फक्त 200, आले 92. 46 टक्के. इथेही संकेतस्थळच पुढे.

दोन्ही ठिकाणी संकेतस्थळ वरचढ, आणि एकत्र केलं की क्लब वरचढ. बेरजा करून बघा, चूक कुठेच नाही. कारण सरळ आहे. क्लबची माणसं जवळजवळ सगळी नाशिकचीच, रिक्षाने पाच वाजता मैदानावर पोचणारी. संकेतस्थळावरची दोन तृतीयांश बाहेरगावची, ज्यांना रात्रीची गाडी पकडायची असते आणि कुठेतरी मुक्काम करायचा असतो. फरक क्लबचा नव्हता, अंतराचा होता. संख्याशास्त्रात याला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. तो पिव्होट टेबलमध्ये एक रकाना इकडून तिकडे ओढण्याइतक्या अंतरावर दडलेला असतो, आणि तो रकाना ओढायचं सुचलं नाही, तर पैसा क्लबांकडे जातो.

मग वयही आत ओढू या, असा मोह होतो. ओढा, पण जपून. घरं लहान होत जातात. बाहेरगाव, क्लब आणि वय साठच्या पुढे अशा घरात समजा नऊ नोंदी आणि तीन हजर असतील, तर टेबल ऐटीत 33 टक्के दाखवतो. एक आजोबा आणखी आले असते, तर तोच आकडा 44 झाला असता. म्हणून `Values` मध्ये 'हजर' रकान्याच्या सरासरीशेजारी नोंदींची संख्या कायम उघडी ठेवायची. मी स्वतः तीसपेक्षा कमी नोंदी असलेल्या घरावर काही बोलत नाही. हा काही शास्त्राचा नियम नाही, ती माझी लक्ष्मणरेषा.

आणखी एक सवय मोडायला हवी. नाशिकचे 82 आणि बाहेरगावचे 54, त्यांची सरासरी 68, असा तोंडी हिशेब कोणीतरी करतोच. खरं उत्तर 70 आहे, कारण नाशिकचे लोक जास्त आहेत. टेबलाच्या तळाची ओळ मूळ नोंदींवरून निघते, म्हणून ती बरोबर असते. तिच्याशी भांडू नका. फक्त मूळ यादी बदलल्यावर `Refresh` दाबायला विसरू नका. पिव्होट टेबल मूळ यादीची प्रत जवळ बाळगतो आणि सांगितल्याशिवाय सहसा नवी घेत नाही.

ही प्रत बाळगण्याची खोड मात्र एका जागी महागात पडते. प्रायोजकाला अहवाल पाठवताना आपण नोंदणीचं पान पुसून टाकतो आणि फक्त टेबल ठेवतो. वाटतं, नावं-नंबर गेले. पण प्रायोजकाने एखाद्या आकड्यावर दोनदा क्लिक केलं की नव्या पानावर त्या घरातल्या सगळ्या नोंदी उघडतात, नाव, मोबाइल, जन्मतारखेसकट. म्हणून पाठवायचं असेल, तेव्हा टेबलची नक्कल नव्या, कोऱ्या फाइलमध्ये `Paste Values` ने चिकटवा, आणि तीच फाइल पाठवा.

नमस्कार.