नकार बुधवारी कळवा

(नोकरी बदलण्याच्या उंबरठ्यावर असलेल्या तरुण अभियंत्यांसमोर पुण्यात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, आमच्या धंद्यात शुक्रवारची संध्याकाळ फार वाईट. सोमवारी जॉइन होणारा मुलगा गुरुवारपर्यंत फोन उचलत असतो, 'हो मॅडम, येतोय' म्हणत असतो. शुक्रवारी सहाच्या सुमाराला त्याचा फोन बंद लागतो. मी पुण्यात बावीस वर्षं भरतीचं काम करते, आधी एका कन्सल्टन्सीत आणि नंतर कंपन्यांच्या एचआरमध्ये. फोन बंद लागला की पुढचं मला कळतं. सोमवारी त्याच्यासाठी काढून ठेवलेला लॅपटॉप परत आयटीच्या कपाटात जातो.

आलेली ऑफर नाकारायची, पण पुढे कधी चांगली जागा निघाली तर त्यांनी आपल्याला बोलवावं, हे जमवायचं कसं, हा आजचा विषय. मला लोक विचारतात, 'मेलमध्ये काय लिहू?' मी उलट विचारते, 'ऑफर येऊन किती दिवस झाले?' शब्दांचं नंतर बघू, आधी दिवस मोजू.

त्यासाठी टेबलाच्या आमच्या बाजूला काय चाललेलं असतं ते सांगते. एका जागेसाठी शेवटच्या फेरीत साधारण दोन-तीन जण उरतात. पहिल्याला ऑफर जाते. दुसऱ्याला आम्ही 'नाही' म्हणत नाही, 'प्रोसेस चालू आहे' म्हणतो. तुम्हीही हे वाक्य कधीतरी ऐकलं असेल; त्याचा अर्थ बहुतेक वेळा तुम्ही दुसरे आहात असा असतो. हा दुसरा उमेदवार आठवडाभर, फार तर दहा दिवस थांबतो. त्याच्याही हातात काहीतरी असतंच.

आता समजा, तुम्ही पहिले आहात आणि तिसऱ्या दिवशी नाही म्हणालात. मी लगेच दुसऱ्याला फोन लावते, जागा भरते, आणि ज्याच्या टीममध्ये तुम्ही जाणार होतात त्या मॅनेजरला फारशी झळ लागत नाही. तोच नकार तुम्ही हो म्हणून झाल्यावर पंचविसाव्या दिवशी कळवलात, तर दुसरा तोवर गेलेला असतो. पुन्हा जाहिरात, पुन्हा मुलाखती, आणि जो सापडेल त्याचाही नोटीस पीरियड साठ किंवा नव्वद दिवसांचा. म्हणजे चार-पाच महिने ती खुर्ची रिकामी. दोन्ही वेळा तुमची मेल शब्दशः सारखीच असू शकते, तितकीच गोड. पहिल्या मेलनंतर मॅनेजर तुमचं नाव चांगलं म्हणून लक्षात ठेवतो. दुसरीनंतरही लक्षात ठेवतो, पण वेगळ्या कारणासाठी.

इथे कंपन्यांचीही बाजू काढते, म्हणजे त्यांची चूक काढते. नव्वद दिवसांचा नोटीस पीरियड आपणच लावला. तीन महिने माणूस हातात ऑफर घेऊन बसला, तर तो आणखी दोन ठिकाणी जाऊन बघणारच. शिवाय पोरांनी राजीनामे दिल्यावर ऑफर मागे घेणाऱ्या कंपन्याही मी पाहिल्यात. तेव्हा हा निष्ठेचा तास नाही. सही केल्यावर नकार दिलात तर कोर्ट तुम्हाला कामावर बसवत नाही. जॉइनिंग बोनस घेतला असेल तर तो परत करावा लागतो, आणि ऑफर लेटरमधल्या अटी मात्र वाचून ठेवा. मी बोलतेय ती गोष्ट कायद्याची नाही, नोंदीची आहे.

नोंद म्हणजे काय? उमेदवारांची माहिती आम्ही एका सॉफ्टवेअरमध्ये ठेवतो. तुम्ही नकार दिलात की मला तिथे एक पर्याय निवडावा लागतो. 'ऑफर नाकारली' हा एक, आणि 'ऑफर स्वीकारली, रुजू झाले नाहीत' हा दुसरा. त्याखाली शेऱ्याची चौकट असते. मी काय लिहिते, त्याचे नमुने ऐका. एक: 'दोन दिवसांत फोन करून कळवलं. सिम्युलेशनचं काम हवं होतं. पुढे विचार करावा.' दुसरा: 'रुजू होण्याच्या आदल्या दिवसापासून संपर्क नाही.' चार वर्षांनी तुम्ही पुन्हा अर्ज करता, तेव्हा मी त्या कंपनीत नसते. माझ्या जागेवरची मुलगी तुमची ती सुंदर मेल शोधत बसत नाही. ती ही ओळ वाचते. तुम्ही मेल मला लिहिता, पण उपयोगी पडतो तो मी तिच्यासाठी लिहिलेला शेरा.

वरचा पहिला शेरा खरा आहे. तो जिच्याबद्दल लिहिला, ती मुलगी चाकणमधल्या एका कारखान्यात डिझाइनला होती, पगार वर्षाला नऊ लाख. आम्ही साडेतेरा देऊ केले होते, काम टूलिंगचं. दुसरीकडून तिला पावणेतेरा येत होते, पण काम सिम्युलेशनचं, जे तिला करायचं होतं. आमचं ऑफर लेटर सोमवारी गेलं होतं, उत्तराची मुदत शुक्रवार. तिचा फोन बुधवारी सकाळी अकराला आला.

"मॅडम, दोन मिनिटं आहेत का? मी ऑफर घेत नाहीये. मेलच्या आधी तुम्हाला बोलून सांगावं म्हटलं."

मी सवयीने विचारलं, "तिकडे किती देतायत? आपण बघू शकतो."

"पैसे तुमचेच जास्त आहेत, मॅडम. वाढवलेत तरी माझं उत्तर बदलणार नाही, म्हणून तुम्हाला उगाच वरून मंजुरी आणायला लावत नाही."

हे शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे, कारण ऑफर वाढवायची तर मला माझ्या वरिष्ठांकडे आणि फायनान्सकडे हात पसरावे लागतात. एका उमेदवाराने दीड लाखावरून नकार दिला, आम्ही भांडून दीड लाख आणले, आणि त्याने मग दुसरंच कारण काढून पुन्हा नकार दिला. त्याच्यासाठी मी नंतर कधीही शब्द टाकला नाही. पैसे वाढले तर येणार असाल तर तो नकार नव्हे, ती घासाघीस. ती ऑफर लेटर निघायच्या आधी करा, आणि मोकळेपणाने करा. पैसे वाढूनही येणार नसाल तर हे पहिल्याच फोनवर सांगा.

फोननंतर तासाभरात तिची मेल आली. मूळ इंग्रजीत होती, मजकूर साधारण असा:

"आज सकाळी बोलल्याप्रमाणे, मी ही ऑफर स्वीकारत नाही. दुसऱ्या फेरीत फिक्श्चरच्या ड्रॉइंगवर जी चर्चा झाली, त्यातून मला बरंच शिकायला मिळालं, त्याबद्दल आभार. मला येती काही वर्षं सिम्युलेशनचं काम करायचं आहे आणि तशी जागा मी स्वीकारली आहे. तुमच्याकडे सिम्युलेशनची टीम उभी राहिली, तर मला जरूर कळवा. मॅनेजरसाहेबांना मी वेगळा निरोप पाठवते आहे."

नकार पहिल्याच वाक्यात आहे. 'खूप विचार केला, निर्णय अवघड होता' असं करत करत चौथ्या परिच्छेदात नकार देणाऱ्या मेल येतात, तेव्हा मी आधी शेवट वाचते. आभार कशाचे, ते नेमकं आहे. कारण एकच आहे आणि खरं आहे. दुसऱ्या कंपनीचं नाव नाही, आकडा नाही, आमच्या कामाला नावंही ठेवलेली नाहीत. आणि दार उघडं ठेवणारं वाक्य बघा. 'भविष्यात संधी मिळाल्यास आनंद होईल' असं सगळेच लिहितात. त्याचं मी काय करू? कुठल्या जागेसाठी फोन करायचा हे तिने सांगून ठेवलं, म्हणून ते शेऱ्यात उतरलं.

खरं कारण म्हणजे सगळं कारण नव्हे. मुलाखतीतला माणूस उर्मट वाटला, हे सांगायची गरज नाही. पण 'घरी अडचण आहे, सध्या नोकरी बदलत नाही' हे सांगून तीन आठवड्यांनी लिंक्डइनवर नव्या कंपनीचा फोटो टाकू नका. आम्ही बघतो. फार काम नसलं की तेच बघतो.

तुम्ही कन्सल्टन्सीमार्फत गेला असाल तर एक गुंता असतो. तिला कंपनीकडून मिळणारी रक्कम साधारण तुमच्या एका महिन्याच्या पगाराएवढी, वर्षाच्या ८.३३ टक्के, आणि ती तुम्ही रुजू झाल्यावरच मिळते. त्यामुळे तुमचा नकार ऐकल्यावर कन्सल्टन्सीतला माणूस दोन-चार दिवस कंपनीला काही सांगतच नाही. तुम्ही वळाल अशी त्याला आशा असते. मी स्वतः हे केलेलं आहे. तेव्हा आधी कन्सल्टंटला फोन करा, ती रीत आहे, पण मेल कंपनीच्या एचआरला आणि त्याला एकत्रच टाका. नाहीतर तुम्ही बुधवारी दिलेला नकार कंपनीला पुढच्या मंगळवारी कळतो आणि दोष तुमच्या खात्यावर चढतो.

आणि आधीच हो म्हणून बसला असाल तर? सध्याच्या कंपनीने राजीनाम्यानंतर पगार वाढवला आणि तुम्ही थांबायचं ठरवलं, हे नेहमीचं आहे. ठरेल त्या दिवशीच फोन करा. चूक आपली आहे हे एका वाक्यात कबूल करा, सफाई देऊ नका. आणि त्या मेलमध्ये 'पुढे लक्षात ठेवा' लिहू नका. मॅनेजर चिडलेला असतो, तेव्हा ते वाक्य जखमेवरच्या मिठासारखं लागतं. सहा-आठ महिने जाऊ द्या. काही ठिकाणी तरीही दार उघडणार नाही, हे धरून चाला.

चाकणच्या मुलीने नंतर काय केलं? सणावाराचे मेसेज पाठवले नाहीत, हे तिचे उपकार. पाच महिन्यांनी तिने एकदाच लिहिलं: टूलिंगची ती जागा अजून रिकामी असेल, तर जुन्या कंपनीतला माझा एक सहकारी शोधात आहे. ती जागा भरलेली होती, पण तसलीच दुसरी निघाली होती, आणि तो मुलगा घेतला. सव्वा वर्षाने आमच्याकडे सिम्युलेशनची जागा निघाली, तेव्हा मी जाहिरात द्यायच्या आधी तिला फोन केला. मुलाखत झालीच, पण दोन फेऱ्यांऐवजी एक.

शेवटी एका मुलाने विचारलं, "मॅडम, नकाराची मेल पाठवली आणि उत्तरच आलं नाही, तर ते रागावलेत असं समजायचं का?"

बहुतेक वेळा उत्तर येत नाही, बाळा. पुन्हा विचारू नकोस. त्या वेळी आम्ही दुसऱ्या उमेदवाराला फोन लावत असतो.