नळी कधी काढणार?

श्रोतेहो, नमस्कार. बेळगावातल्या एका रुग्णालयात मी वॉर्डची इन्चार्ज सिस्टर आहे. आमच्या वॉर्डात खानापूर, निपाणी, चिकोडी, गोकाक आणि सीमेपलीकडून चंदगडकडचेही पेशंट येतात. एका खाटेवर मराठी बोलणं चालतं, शेजारच्या खाटेवर कन्नड, आणि नातेवाईक रात्री चटई टाकून दोन्ही खाटांच्या मधे झोपतात. या वॉर्डात लघवीच्या नळीमुळे होणारा संसर्ग कमी करण्यासाठी मी एक प्रस्ताव तयार केला आहे. तो आज तुमच्यापुढे मांडते, कारण त्यातला एक भाग तुमच्याच हातात आहे.

आधी एका आजींबद्दल सांगते. ही गोष्ट मी पूर्वी काम करत होते त्या रुग्णालयातली आहे. खानापूर तालुक्यातल्या या आजी पावसात अंगणात घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. बुधवारी संध्याकाळी कॅज्युअल्टीत आणलं तेव्हा त्यांना कूस बदलता येत नव्हती. लघवीची नळी घातली, ते योग्यच होतं. शुक्रवारी ऑपरेशन झालं. शनिवारी फिजिओथेरपीवाल्यांनी त्यांना खाटेच्या कडेला बसवलं, वॉकर धरून दोन मिनिटं उभंही केलं. त्या दिवशी नळीचं काम संपलं होतं. तरी ती रविवारी राहिली, सोमवारीही राहिली. आजी मला म्हणाल्या, "बाय, ही नळी कवा काढतीस? आग हुतीया." मी म्हणाले, डॉक्टरांना विचारते. राउंड घाईत झाला आणि विचारायचं राहून गेलं. मंगळवारी संध्याकाळी त्यांना थंडी वाजून 102 ताप आला, ओटीपोट दाबलं की कळवळू लागल्या. लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, ई. कोलाय नावाचा जंतू निघाला. इंजेक्शनं सुरू झाली, घरी जायचा दिवस पुढे गेला, सोबतीला राहिलेल्या नातवाचं काम बुडलं.

नंतर मी त्यांची फाइल पुन्हा वाचली. शनिवारपासून मंगळवारपर्यंतच्या डॉक्टरांच्या नोंदींत जखम होती, रक्तदाब होता, रक्ताचा रिपोर्ट होता. नळीबद्दल एक शब्दही नव्हता. शनिवारी नळी काढली असती तर संसर्ग झालाच नसता, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण ते तीन दिवस आम्ही त्यांना विनाकारण धोक्यात ठेवलं, आणि त्यात माझाही वाटा होता.

धोका दिवसागणिक का वाढतो? मूत्राशय म्हणजे एरवी बंद दार असतं. लघवीच्या जोराने मार्ग धुतला जातो, त्यामुळे जंतूंना वर चढता येत नाही. नळी घातली की ते दार किलकिलं राहतं. नळीच्या बाहेरून, आणि पिशवी नीट हाताळली नाही तर आतूनही जंतू वर सरकतात. रबरावर किंवा सिलिकॉनवर ते चिकट थर धरतात. विहिरीच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं तसाच हा थर असतो. त्याला बायोफिल्म म्हणतात, आणि औषध त्याच्या आत नीट पोचत नाही. नळी असलेल्या पेशंटच्या लघवीत जंतू शिरण्याची शक्यता दर दिवशी साधारण 3 ते 7 टक्क्यांनी वाढत जाते. महिनाभर नळी राहिली तर जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत जंतू सापडतात. नुसते जंतू सापडले म्हणजे आजार झाला असं नाही, त्याबद्दल पुढे बोलते. पण आजाराची वाट तिथूनच सुरू होते.

हे टाळण्यासाठी केअर बंडल वापरतात. बंडल म्हणजे जुडी. प्रत्येक काडी साधीच असते, पण सगळ्या एकदम आणि प्रत्येक पेशंटला लावल्या तरच फरक पडतो. नळी गरज असेल तरच घालायची, निर्जंतुक हातमोजे आणि साहित्य वापरून घालायची, मांडीला चिकटपट्टीने नीट बांधायची म्हणजे ती ओढली जात नाही. नळी आणि पिशवीचा जोड उघडायचा नाही. रोज साबण-पाण्याने जागा स्वच्छ करायची. तिथे जंतुनाशक औषध चोळायची गरज नसते. ठरावीक दिवस झाले म्हणून नळी बदलायचीही गरज नसते. आमच्या बहुतेक सिस्टर हे जाणतात. म्हणून माझ्या प्रस्तावाचा सगळा भर एकाच काडीवर आहे: नळी रोज विचारून, वेळेवर काढणं.

आज हे कुठे अडतं? नळी कॅज्युअल्टीत घातली जाते, वॉर्डातल्या डॉक्टरांना ती चादरीखाली दिसत नाही. अमेरिकेत 2000 साली छापलेल्या एका पाहणीत नळी असलेल्या पेशंटपैकी चौथ्या हिश्श्याहून जास्त जणांच्या बाबतीत डॉक्टरांना नळी असल्याचं ठाऊकच नव्हतं. आमच्याकडेही तसंच घडतं, आणि वर आणखी एक अडचण असते. लेखी ऑर्डरशिवाय सिस्टर नळी काढत नाही. मग रात्रपाळी म्हणते सकाळी बघू, सकाळ म्हणते राउंडला विचारू, आणि आणखी एक दिवस निघून जातो.

प्रस्ताव असा आहे. कुणाची नळी सिस्टरने स्वतः काढायची, हे डॉक्टरांनी आधीच एका कागदावर सही करून द्यायचं. रोज सकाळी 8 वाजता, पाळी बदलताना, दोन्ही पाळ्यांच्या सिस्टर प्रत्येक नळीच्या खाटेपाशी थांबतील आणि विचारतील, आज ही कशासाठी आहे? लघवी अडली आहे, गंभीर पेशंटची लघवी तासातासाला मोजायची आहे, कंबरेखालच्या जखमेला लघवी लागतेय, हाड मोडल्यामुळे हलवताच येत नाही, किंवा शेवटच्या दिवसांत पेशंटला त्याने आराम मिळतोय. यातलं कारण असेल तर ते लिहायचं आणि नळी ठेवायची. नसेल तर त्याच पाळीत काढायची. प्रोस्टेटचं किंवा मूत्रमार्गाचं ऑपरेशन झालेलं असेल, लघवीतून रक्त जात असेल, किंवा नळी घालतानाच फार त्रास झाला असेल, तर मात्र सिस्टरने हात लावायचा नाही, डॉक्टरांनाच बोलवायचं.

नळी काढली की काम संपत नाही. पुढच्या 6 ते 8 तासांत लघवी झाली का, किती झाली, हे बघायचं. झाली नाही आणि ओटीपोट फुगलं, तर एकदाच बारीक नळीने लघवी काढून घ्यायची, लगेच कायमची नळी पुन्हा घालायची नाही. किती जणांना पुन्हा नळी लागली याचीही नोंद ठेवायची, म्हणजे आम्ही घाई करतोय का ते कळेल. आणि नळी काढल्यावर पेशंटला संडासापर्यंत कोण नेणार? भांडं कोण देणार? खरं अडतं ते इथंच. पुष्कळदा नळी आजारासाठी नसते, आया कमी आहेत म्हणून असते. म्हणून प्रस्तावात मी खाटेजवळ ठेवायच्या चार कमोड खुर्च्या मागितल्या आहेत, आणि दर दोन तासांनी भांडं विचारायची जबाबदारी आयांच्या नावाने लिहिली आहे. हे नसेल तर कागदावरची सही आठवडाभरही टिकणार नाही.

सुरुवात सगळ्या रुग्णालयात करायची नाही. पहिला आठवडा फक्त आमचा वॉर्ड, फक्त सकाळची पाळी. काय अडलं ते बघून कागद सुधारायचा, मग दुसरी पाळी, मग दुसरा वॉर्ड.

मोजमापात एक फसगत आहे, ती मी वरिष्ठांनाही आधीच सांगितली आहे. संसर्ग मोजायची रूढ पद्धत म्हणजे दर 1000 नळी-दिवसांमागे किती. एका पेशंटला एक दिवस नळी राहिली की एक नळी-दिवस. समजा, 30 खाटांच्या भरलेल्या वॉर्डात रोज 12 जणांना नळी असते. महिन्याचे झाले 360 नळी-दिवस. संसर्ग झाले 3. म्हणजे हजारी सुमारे 8. आता आपण नळ्या वेळेवर काढल्या, रोज 6 जणांनाच राहिली. नळी-दिवस 180, संसर्ग 2. हिशेब करा, हजारी 11 येतात! आजारी पडलेली माणसं कमी झाली, पण आकडा वाढला. कारण ज्यांची नळी निघाली ते तब्येतीने बरे होते, उरले ते जास्त आजारी. म्हणून मी तीन गोष्टी शेजारीशेजारी लिहिणार आहे: संसर्गांची साधी संख्या, रोज सकाळी नळी असलेले पेशंट किती, आणि त्यातल्या किती जणांच्या नळीचं कारण लिहिलेलं होतं. तिसरा आकडा आधी हलतो. तो हलला नाही तर बाकीचे हलणार नाहीत.

संसर्ग कशाला म्हणायचं, हेही पक्कं हवं. लघवी गढूळ दिसली, वास आला, म्हणून संसर्ग ठरत नाही. नळी दोन दिवसांहून जास्त असायला हवी, 38 अंश सेल्सियसच्या, म्हणजे फॅरेनहाइटमध्ये 100.4 च्या वर ताप किंवा ओटीपोटात, कंबरेत दुखणं हवं, आणि कल्चरमध्ये एका मिलिलिटरला लाखावर जंतू हवेत. नमुना नळीच्या खास जागेतून, ती पुसून, सिरिंजने घ्यायचा. पिशवीतून घेतला तर तिथे तासन्‌तास वाढलेले जंतू येतात आणि पेशंटला नसलेल्या आजाराचं अँटिबायोटिक लागतं. त्रास नसताना नुसत्या जंतूंवर औषध द्यायचं नसतं. गरोदर बाई आणि मूत्रमार्गाचं ऑपरेशन होणारा पेशंट, हे मुख्य अपवाद.

आता तुमचा भाग, कारण पिशवी बहुतेक वेळा नातेवाइकांच्याच हातात असते. परवा एक्स-रेला नेताना एका तरुणाने आईची भरलेली पिशवी प्रेमाने उचलून तिच्या पोटावर ठेवली, खाली लोंबकळू नये म्हणून. पिशवीतली पिवळी लघवी नळीतून उलटी आत सरकताना मला दिसली. पिशवी नेहमी कंबरेच्या खाली हवी, पण जमिनीला टेकता कामा नये. हलवण्याआधी सिस्टरला सांगून ती रिकामी करून घ्या. नळीला पीळ पडला असेल तर सोडवा. पिशवीचं तोंड भांड्याला टेकू देऊ नका, आणि शेजारच्या पेशंटचं भांडं वापरू नका. नळीला हात लावण्याआधी आणि नंतरही हात धुवा.

आणि रोज सकाळी आम्हाला विचारा. कुणी रागावणार नाही, तसं मी वॉर्डात सांगून ठेवलं आहे. तो प्रश्न आम्ही खाटेच्या पायथ्याशी कार्डावर दोन्ही भाषांत लिहून लावणार आहोत, मराठी वरती एका खाटेला, तर कन्नड वरती पुढच्या खाटेला: नळी कधी काढणार? पैप यावाग तेगीतीरी? खाली आजची तारीख, नळीचा कितवा दिवस, आणि कारण लिहायला एक रिकामी ओळ. ती ओळ सकाळी 9 नंतरही रिकामी दिसली, तर माझ्या टेबलापाशी या. दाराच्या उजवीकडे बसते मी.