रेषा कुठल्या श्रेणीतली, हे ओळखायचं कसं?

(खानापूर इथे पीयूसी दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

टेबलावरची ही हायड्रोजनची नळी आता गुलाबी दिसतेय. ग्रेटिंग डोळ्यासमोर धरा आणि नळीच्या थोडं बाजूला बघा. गुलाबी रंग फुटून वेगवेगळ्या रेषा दिसतील. एक ठसठशीत लाल, एक निळसर हिरवी आणि मग जांभळ्याकडे झुकणारी एक अंधुक. मागच्या बाकांवरच्यांनी पुढे या, घाई नाही.

ती निळसर हिरवी रेषा आधी घेऊ. हायड्रोजनमध्ये n व्या पातळीची ऊर्जा म्हणजे उणे १३.६ भागिले n चा वर्ग, इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये. चौथी पातळी उणे ०.८५, दुसरी उणे ३.४०. इलेक्ट्रॉन चौथीवरून दुसरीवर उतरला, तर २.५५ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा फोटॉन बाहेर पडतो. तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये हवी असेल, तर १२४० ला या फरकाने भागायचं: साधारण ४८६. तुम्ही आत्ता पाहिलेली रेषा ती हीच. भागायचं ते फरकानेच. दोन पातळ्यांच्या ऊर्जांनी वेगवेगळं भागून मग वजाबाकी केली, तर येणाऱ्या आकड्याला काही अर्थ नसतो. पेपर तपासताना ही चूक मला दरवर्षी दिसते.

श्रेणीचं नाव ठरतं ते इलेक्ट्रॉन कुठे उतरला यावरून. निपाणीहून येवो, खानापूरहून येवो, बेळगाव स्टँडला येणाऱ्या गाडीवर पाटी बेळगावचीच असते ना, तसं. पहिल्या पातळीवर उतरला तर लायमन, दुसऱ्या पातळीवर बामर, तिसऱ्या पातळीवर पाश्चेन, चौथ्या पातळीवर ब्रॅकेट, पाचव्या पातळीवर फुंड. बामर हे बाझलचे शाळामास्तर. त्यांनी १८८५ साली दिसणाऱ्या चार रेषांच्या तरंगलांब्या एका सूत्रात बसवल्या. त्यामागचं कारण बोरने सांगितलं, ते १९१३ साली.

आता मूळ मुद्दा. परीक्षेत उलटा प्रश्न येतो: तरंगलांबी दिलीय, श्रेणी सांगा. बरेच जण ‘अतिनील म्हणजे लायमन, दृश्य म्हणजे बामर, अवरक्त म्हणजे पाश्चेन’ असं पाठ करून लिहितात. पहिल्या तीन श्रेणी एकमेकींत मिसळत नाहीत, म्हणून हे बऱ्याचदा निभावतं. (बामरचाही काही भाग अतिनीलात जातो, हे ध्यानात असू द्या.) पण पाश्चेन श्रेणी सुमारे १८७५ नॅनोमीटरपर्यंत पसरते आणि ब्रॅकेट १४६० च्या आसपासच सुरू होते. या दोन आकड्यांमधली रेषा दोघींपैकी कुणाची, हे नुसत्या पट्ट्यांवरून ठरत नाही.

समजा रेषा १७३६ नॅनोमीटरची आहे. १२४० भागिले १७३६, म्हणजे फोटॉनची ऊर्जा ०.७१४३. लायमनचा सर्वांत कमी ऊर्जेचा फोटॉनही १०.२ चा असतो आणि बामरचा १.८९ चा, म्हणून त्या दोन्ही बाद. पाश्चेनची किमान ऊर्जा मात्र ०.६६, म्हणजे इथे ती शक्य वाटते. खालची पातळी तिसरी धरा, उणे १.५११. त्यात ०.७१४३ मिळवा, वरची पातळी येते उणे ०.७९७. १३.६ ला ०.७९७ ने भागलं की १७.०६, त्याचं वर्गमूळ ४.१३. अशी पातळीच नाही. पाश्चेनही बाद.

आता खालची चौथी धरा. उणे ०.८५ मध्ये ०.७१४३ मिळवले की उणे ०.१३५७. १३.६ भागिले ०.१३५७ म्हणजे १००.२, वर्गमूळ जवळजवळ नेमकं १०. इलेक्ट्रॉन दहावीवरून चौथीवर आला, म्हणजे ही रेषा ब्रॅकेटची. पाचवी धरून पाहिली, तर बेरीज अधिक येते, ०.१७. ऊर्जा अधिक म्हणजे इलेक्ट्रॉन अणूत बांधलेलाच नाही. बेरीज शून्याच्या वर गेली की पुढच्या पातळ्या तपासायची गरज नाही.

इथे एका ठिकाणी हात जपून चालवा. ०.७१४३ ऐवजी कुणी नुसतं ०.७ घेतलं, तर वरची पातळी उणे ०.१५ येते आणि n निघतो ९.५. मग नऊ म्हणायचं की दहा? वरच्या पातळ्या फार दाटीने असतात: नववी उणे ०.१६८, दहावी उणे ०.१३६, अकरावी उणे ०.११२. म्हणून फोटॉनची ऊर्जा काढताना दशांशानंतर चार अंक ठेवा आणि पूर्णांक करायचा तो अगदी शेवटी, वर्गमूळ काढल्यावरच.

आता वहीत हे करून बघा: रेषा १२८२ नॅनोमीटरची. श्रेणी कोणती, आणि इलेक्ट्रॉन कुठल्या पातळीवरून उतरला?